डिकॉक्शन काळंकुट्ट, तरी कॉफी फिकी. आणि फिल्टर रात्रभर गळतच नाही!

माडाखालची (शनिवार, सकाळी ७:५०)
मंडळी, मी फोंड्याची. आमच्या घरी चहा-पावाचीच सवय, पण सासऱ्यांची नोकरीतली वीस वर्षं शिमोग्याला गेली. आता ते कायमचे इथे राहायला आलेत आणि त्यांना सकाळी 'कापी' लागते. मडगावच्या बाजारातून स्टीलचा दोन कपांचा फिल्टर आणला. दीर मे महिन्यात हुबळीला गेले होते, त्यांनी अर्धा किलो पूड आणून दिली, ६०:४० ची, म्हणजे साठ भाग कॉफी, चाळीस भाग चिकोरी. दुकानदार म्हणाला, चिकोरी जास्त म्हणजे कॉफी कडक.

रात्री फिल्टरच्या वरच्या, तळाला भोकं असलेल्या भांड्यात दोन चमचे पूड घालते, चकतीने नीट दाबते, वर काठोकाठ उकळतं पाणी ओतून ठेवते. सकाळी उठून बघावं तर निम्मं पाणी वरच! खालच्या भांड्यात जे डिकॉक्शन उतरलेलं असतं ते डांबरासारखं काळं. अर्धा पेला ते आणि अर्धा पेला दूध असं करून दिलं, तर सासरे एक घोट घेतात आणि म्हणतात, "सूनबाई, हा काढा आहे, आणि तोही कोमट." मग मी डिकॉक्शन वाढवते, तर आणखी कोमट होते आणि चव काकवी जळल्यासारखी. एवढी काळी असून फिकी कशी?

पावसाळी_पाहुणा (शनिवार, ८:१५)
फिकी लागत असेल तर साखर वाढवा की. आमच्याकडे दीड चमचा घालतात.

माडाखालची (शनिवार, ८:२२)
अहो, फिकी म्हणजे अगोड नव्हे. कॉफीचा दम लागत नाही, असं म्हणायचंय. साखर ते घेतच नाहीत.

केपेंकार (शनिवार, ८:४०)
सोपं आहे गो. चकती दाबतेस ना, ती दाबूच नकोस. काढून टाक. आमच्या घरी चकती कधीच हरवली, दहा मिनिटांत सगळं गळून खाली. आणि कोमट झाली तर डिकॉक्शन सरळ गॅसवर ठेवून उकळी काढ. बाकी चिकोरी म्हणजे शुद्ध भेसळ, दुकानदारांनी पैसे वाचवायला काढलेली. तिच्यातच कॅफीन जास्त असतं, म्हणून रात्री झोप लागत नाही.

जुनं_टंबलर (शनिवार, १०:०५)
माडाखालची ताई, धारवाडला माझ्या मामाचं कॉफीपुडीचं दुकान होतं, सुट्टीत गिरणीवर मीच बसायचो. आता मडगावात असतो, पण सकाळची कॉफी अजून तीच. तुमच्या एका प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी आहेत. एकेक वेगळं केल्याशिवाय उपाय लागू पडायचा नाही.

आधी एवढं सांगा. दोन चमचे म्हणजे कोणते चमचे, आणि किती भरलेले? पाणी किती मावतं वरच्या भांड्यात? आणि हुबळीची पूड मे महिन्यापासून कशात ठेवली आहे? आज जुलै आहे, बाहेर काय धो-धो चालू आहे ते सांगायला नको.

केपेंकार, कॅफीनचं तुम्ही उलटं सांगितलंत. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. ते वाळवून, भाजून दळतात. आपल्याकडे गुजरात आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. त्यात कॅफीन अजिबात नसतं. झोप उडत असेल तर ती कॉफीमुळे, चिकोरीमुळे नव्हे.

माडाखालची (शनिवार, १०:३०)
चमचे भाजी वाढायचे नव्हेत, पोह्यांचे असतात ते, वर थोडा ढीग. आत्ता स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून बघितले: दोन्ही मिळून १२ ग्रॅम. वरच्या भांड्यात मापून १५० मिली पाणी मावलं. पूड त्याच कागदी पाकिटात आहे, तोंडाला रबर लावून, गॅसच्या बाजूच्या फळीवर. आत हात घातला तर छोटे छोटे खडे झालेत. बोटाने दाबले की फुटतात.

जुनं_टंबलर (शनिवार, ११:१०)
बघा, निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत.

पहिलं दुखणं, काळी तरी फिकी. १२ ग्रॅम पुडीत ६० टक्के कॉफी, म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम. तुम्ही ती दोन पेल्यांत वाटता. माणशी साडेतीन ग्रॅम कॉफी! आमच्याकडे एका चांगल्या टंबलरला ८ ते १० ग्रॅम कॉफी लागते, चिकोरी सोडून. रंगावर जाऊ नका. रंग आणि दाटपणा चिकोरी देते. म्हणून डिकॉक्शन बोटाला चिकटेल असं काळं दिसतं आणि आत कॉफी नावाला असते. हॉटेलवाले याचाच फायदा घेतात. थोड्या पुडीत भरपूर दूध रंगतं.

दुसरं दुखणं, गळत नाही. तिसरं, कोमट. त्यांच्यावर संध्याकाळी लिहितो, आता दुकान उघडायचंय (कापडाचं, कॉफीचं नव्हे).

रसायनवाली (शनिवार, दुपारी १:२५)
जुनं_टंबलर काकांच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देते. म्हापशात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, सवय जात नाही.

भाजलेल्या कॉफीचा जास्तीत जास्त तीस टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. घरच्या फिल्टरमध्ये वीस टक्के उतरला तरी छान. चिकोरीचं मात्र साठ-सत्तर टक्के विरघळतं, कारण त्या मुळात इन्युलिन नावाची साखरेच्या जातीची पिठूळ गोष्ट भरपूर असते आणि भाजताना तिचं कॅरमल होतं. काकवीची चव आली म्हणता, ती हीच.

आता ६०:४० ची २० ग्रॅम पूड घ्या, हिशेबाला सोपी. १२ ग्रॅम कॉफीतून सव्वादोन-अडीच ग्रॅम उतरलं. ८ ग्रॅम चिकोरीतून पाच ग्रॅमच्या वर. म्हणजे पुडीत चिकोरी कमी, पण पेल्यात जे विरघळून आलंय त्यात दोन तृतीयांश चिकोरीच. ८०:२० घेतली तर १६ ग्रॅम कॉफीचे तीन ग्रॅमच्या वर आणि ४ ग्रॅम चिकोरीचे पावणेतीन. तेव्हा कुठे बरोबरी होते. सासऱ्यांची जीभ पक्की आहे हो. त्यांनी काढा म्हटलं ते बरोबरच म्हटलं.

आणि केपेंकार, भेसळ तेव्हा म्हणायचं जेव्हा सांगत नाहीत. कायद्याने मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि पाकिटावर दोन्हींचं प्रमाण छापायला हवं. पाकिटाची मागची बाजू वाचा, ५३:४७ सुद्धा सापडेल.

केपेंकार (शनिवार, १:५०)
बरं बाय, कॅफीनचं मागे घेतो. पण चकती काढली की गळतं, हे खरं आहे. रोज बघतो मी.

जुनं_टंबलर (शनिवार, रात्री ८:४५)
गळतं हो, केपेंकार, पण काय गळतं? चकतीशिवाय वरून पाणी ओतलं की पुडीत खड्डा पडतो, आणि पाणी त्या खड्ड्यातून वाट काढून निघून जातं. बाजूची पूड कोरडीच राहते. उद्या गळून झाल्यावर चोथा सुरीने मधून कापून बघा. आत फिकट, कोरडी ढेकळं दिसली तर पैसे पाण्यात. चकतीचं काम पूड दाबण्यापेक्षा पाणी पसरवण्याचं जास्त.

आता ताईंचं 'गळत नाही'. याला तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही ओळखायच्या खुणा वेगळ्या.

एक म्हणजे हवा अडकणं. वरचं भांडं खालच्या भांड्यात घट्ट बसलं की खालची हवा बाहेर पडायला जागा नाही. थेंब आत यायचे तर हवा बाहेर जायला हवी. नव्या फिल्टरात हे फार होतं. गळणं थांबलं की वरचं भांडं बोटभर उचला. फुस्स आवाज होऊन थेंब सुरू झाले तर दोष पुडीचा नाही, नुसती हवा. मग भांड्यांच्या मध्ये काडीसारखी पातळ फट राहू द्या.

उचलूनही सुरू झालं नाही तर पूड बंद झालीय. चिकोरी पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. ४० टक्के चिकोरी, वर तुम्ही जोर लावून दाबलेली, म्हणजे मातीचा गिलावाच झाला. त्यात तुमची पूड हवेतलं पाणी आधीच प्यायलेली आहे. कॉफीपेक्षा चिकोरी हवेतली ओल फार पटकन ओढते, आणि फळी गॅसच्या बाजूला म्हणजे रोज भाताच्या कुकरची वाफ. खडे झाले ते त्यामुळे. धारवाडच्या कोरड्या हवेत जी पूड तीन महिने चालायची, तीच इथे पावसात पंधरा दिवसांत खडे धरते, हे मला मडगावात आल्यावर कळलं. तेव्हापासून पावसाळ्यात १०० ग्रॅमच्या वर आणत नाही.

तिसरं, भोकं बुजणं. वरचं भांडं रिकामं करून उजेडासमोर धरा. तारे दिसतात तशी सगळी भोकं दिसली पाहिजेत.

आजीचा_नातू (शनिवार, ९:१०)
भोकं बुजली तर मी सांगतो. वरचं भांडं गॅसच्या ज्योतीवर उलटं धरायचं, लाल होईपर्यंत. अडकलेली पूड जळून राख होते, मग ओट्यावर टकटक आपटायचं. आजी हेच करायची. माझ्याकडे तिचा पितळी फिल्टर आहे, आतून चांदीसारखा. आजच करून बघतो, बरेच दिवस हळू गळतोय.

जुनं_टंबलर (शनिवार, ९:१३)
थांब रे थांब! पितळी फिल्टर ज्योतीवर धरू नकोस! आतली चांदी म्हणजे कल्हई, कथील. स्टीलच्या फिल्टरला ही युक्ती चालते, आमच्याकडेही करायचे. पितळेला नाही.

रसायनवाली (शनिवार, ९:२०)
कथील २३२ अंशाला वितळतं. गॅसच्या ज्योतीपुढे ते काहीच नाही. कल्हई ओघळून उरलेली भोकंही बुजतील, आणि उघड्या पितळेत आंबट कॉफी रात्रभर ठेवणं बरं नव्हे. गरम पाण्यात तासभर भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घास.

आजीचा_नातू (शनिवार, ९:३२)
वाचलो. गॅस पेटवलाच होता. आजीचा बहुतेक दुसरा स्टीलचा असणार मग. कल्हईवाला आता कुठे मिळतो फोंडा-मडगाव भागात? दारावर येणारा शेवटचा कधी बघितला तेही आठवत नाही.

माडाखालची (रविवार, सकाळी ९:००)
पहिला प्रयोग. पूड तीच ६०:४०, पण चहाच्या गाळणीतून चाळून खडे बाजूला काढले. २० ग्रॅम घेतली, चकती नुसती टेकवली, पाणी १२० मिली. दहा मिनिटांनी थेंब थांबले. वरचं भांडं उचललं आणि खरंच फुस्स झालं! परत सुरू. पण नंतर पुन्हा मंदावलं, सगळं उतरायला ५५ मिनिटं लागली. म्हणजे हवा पण होती आणि पूड पण.

खाली ७५-८० मिली आलं. बाकीचं कुठे गेलं?

रसायनवाली (रविवार, ९:४०)
चोथ्याने धरून ठेवलं. पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिते असं धरून चालायचं. २० ग्रॅमला ४० मिली गेले, १२० चे ८० राहिले. म्हणूनच थोड्या पुडीत जास्त पाणी घालून 'डिकॉक्शन जास्त निघालं' म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. आधीच्या पद्धतीत १२ ग्रॅमला १५० मिली म्हणजे सव्वाशे मिली पातळ पाणी निघत होतं (पूर्ण गळलं असतं तर).

म्हापशेकरीण (रविवार, १०:१५)
आमच्याकडे पुडीवर चिमूटभर साखर भुरभुरवतात, मग पाणी. साखर विरघळताना वाट करून देते, गळणं अडत नाही. सासूबाई कारवारच्या, त्यांनी शिकवलं. आणि चवही उतरते.

जुनं_टंबलर (रविवार, १०:५०)
हे मीही ऐकलंय, मामीही करायची. मी करून बघितलं, मला वेळेत फरक दिसला नाही. पण मामीसमोर असं बोलायची माझी हिंमत नव्हती.

म्हापशेकरीण (रविवार, ११:०२)
तुम्ही आधी साखर घालता की दाबल्यावर? दाबल्यावर घालायची, चकतीच्या खाली.

जुनं_टंबलर (रविवार, ११:०५)
आधी. बरं, उद्या तुमच्या पद्धतीने बघतो.

पावसाळी_पाहुणा (रविवार, दुपारी १२:३०)
एवढा व्याप? आम्ही बाटलीतली झटपट कॉफी एक चमचा आणि दूध. तीस सेकंद. त्यातही चिकोरी असते म्हणे. मग फरक काय?

रसायनवाली (रविवार, १२:४५)
असते, काहींत. ती कॉफी कुणीतरी कारखान्यात आधीच गाळून वाळवलेली असते, तुम्ही नुसतं पाणी परत घालता. या धाग्याचा प्रश्न मात्र गाळण्याचाच आहे.

माडाखालची (बुधवार, सकाळी ८:१०)
फोंड्याच्या बाजारात भाजलेली कॉफी दळून देणारा एक जण सापडला. ८०:२० सांगितली, १०० ग्रॅमच घेतली, काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली, गॅसपासून लांब. २० ग्रॅम पूड, १२० मिली पाणी, चकती टेकवली. आणि काय सांगू, सात मिनिटांत सगळं खाली! मी आनंदाने नाचले. सासऱ्यांनी चव घेतली आणि म्हणाले, "आता पाणी झालं." एकीकडे रात्रभर, एकीकडे सात मिनिटं. मी आता रडू का?

केपेंकार (बुधवार, ८:३०)
माझी पण दहा मिनिटांत गळते, मला तर चालते बाबा.

जुनं_टंबलर (बुधवार, ९:१५)
रडू नका, तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. आता आणखी एक गोष्ट कळली: दळण जाड आहे. पूड बोटांत चोळून सांगा. रव्यासारखी लागते की साखर मिक्सरमध्ये फिरवल्यासारखी?

माडाखालची (बुधवार, ९:२०)
बारीक रवा.

जुनं_टंबलर (बुधवार, ९:५०)
म्हणजे जाडच. फिल्टरला त्याहून एक पायरी बारीक हवी, पण मैद्यासारखी नको, मैदा झाली की परत गिलावा. दुकानदाराला 'फिल्टरसाठी' असं सांगा, नुसतं 'कॉफीसाठी' म्हटलं की तो आपल्या मनाने दळतो. हे १०० ग्रॅम मात्र वाया घालवू नका. चिकोरी कमी झाल्यामुळे पूड आपोआप मोकळी झाली आहे, तिला आता थोडा दाब सोसतो. ६०:४० ला जो हात हलका ठेवायचा, तोच ८०:२० ला जरा जड.

असं करा. पूड घातली की भांडं बाजूने दोनदा ठोकून सपाट करा. चकती ठेवून अंगठ्याने दाबा, पोळपाटावर पीठ दाबतो तेवढंच. मग पाणी एकदम ओतू नका. उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. दोन मोठे चमचे पाणी चकतीवरून गोल फिरवत टाका आणि एक-दोन मिनिटं वाट बघा. ताजी पूड असेल तर बारीक बुडबुडे येऊन ती फुगते. या वेळात चिकोरी ओली होऊन जागा धरते, मोकळ्या वाटा बुजतात. मग बाकीचं पाणी चकतीच्या दांडीवरून हळू सोडा, झाकण ठेवा.

थेंब कसे पडतात ते ऐका. फिल्टरजवळ कान नेला की टप्... टप्... असे वेगळे मोजता आले पाहिजेत. धार लागली तर पातळ होणार. २० ते ३० मिनिटांत संपलं तर दळण आणि दाब दोन्ही जमले.

आजीचा_नातू (बुधवार, १०:३०)
मग लोक रात्रभर का ठेवतात?

जुनं_टंबलर (बुधवार, १०:४०)
सकाळी उठून अर्धा तास थांबायला नको म्हणून. गळणं अर्ध्या तासातच होतं, बाकी रात्र ते नुसतं थंड होत बसतं. पाणी चोथ्यावर अडून राहिलं तर मात्र कडवटपणा उतरत जातो, ताईंच्या काढ्यात तोही असणार.

माडाखालची (गुरुवार, सकाळी ७:३५)
२३ मिनिटं!! थेंब मोजले. डिकॉक्शन आधीच्यापेक्षा कमी काळं आहे, लालसर झाक आहे, मला वाटलं परत फसलं. पण नुसतं जिभेवर टेकवलं तर डोकं उघडलं.

सासरे म्हणाले "हं." एवढंच. मग म्हणाले, "पण गरम नाही."

केपेंकार (गुरुवार, ७:५०)
सांगितलं होतं ना, डिकॉक्शन गॅसवर उकळ.

जुनं_टंबलर (गुरुवार, ८:२०)
उकळू नका. उकळलेलं डिकॉक्शन कडू होतं आणि वरचा सगळा वास स्वयंपाकघरात उडून जातो. घर सुंदर दरवळतं, पेल्यात काही उरत नाही. फारच थंड असेल तर वाटीत घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात दोन मिनिटं ठेवा. पण खरी गरमी दुधातूनच यायला हवी. तुमचं माप काय आहे आता?

माडाखालची (गुरुवार, ८:३०)
अजून अर्धं-अर्धंच. ६० आणि ६०. म्हणूनच एका पेल्यातच बहुतेक डिकॉक्शन संपलं, मला उरलंच नाही.

रसायनवाली (गुरुवार, ९:०५)
मग कोमट होणारच. खोलीतलं डिकॉक्शन २८ अंशांचं, दूध समजा ८५ चं. अर्धं-अर्धं मिसळलं की साधारण ५६-५७. स्टीलचा गार पेला त्यातलंही खातो. याउलट ४० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली दूध, तेही नुकतंच फुगून वर आलेलं, ९० अंशांचं: मिसळल्यावर ७२ च्या आसपास. पेल्यात आधी गरम पाणी फिरवून टाकलं तर आणखी बरं.

तुम्ही कॉफी कडक करायला डिकॉक्शन वाढवत होता आणि त्यानेच ती थंड करत होता. डिकॉक्शन घट्ट असेल तरच दूध वाढवता येतं, आणि दूध वाढलं तरच गरम राहतं.

जुनं_टंबलर (गुरुवार, ९:३०)
आणि दूध कुठलं? सकाळी तापवलेलं, दुपारी तापवलेलं, साय काढून परत तापवलेलं असेल तर कॉफीला आटलेल्या दुधाचा वास मारतो. कॉफीपुरतं दूध वेगळं ठेवा, एकदाच तापवा. फुल क्रीमच्या पाकिटात ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३. टोन्ड असेल तर कॉफी जिभेवरून घसरते, मग लोक ते लपवायला चिकोरी वाढवतात. दुधात पाणी घालू नका, पाणी डिकॉक्शनमध्ये आलंच आहे. पेल्यात आधी डिकॉक्शन, मग वरून दूध, मग टंबलरमधून दवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, आणि परत असं दोनदा ओता. तीनदा नको. हॉटेलातला माणूस हातभर उंचावरून ओततो ते फेसासाठी आणि गिऱ्हाइकाची जीभ भाजू नये म्हणून. घरी ओतत बसलात की ७२ चे ६० झाले.

म्हापशेकरीण (गुरुवार, ११:१५)
माझं दूध गेल्या आठवड्यात डिकॉक्शनवर ओतलं तसं फाटलं. ही चिकोरीची करणी का?

रसायनवाली (गुरुवार, ११:३०)
दूधच उतरायला लागलेलं असणार. कॉफी किंचित आंबट असते. ताज्या दुधाला ते सोसतं, आंबू लागलेल्याला नाही. नुसतं तापवून फाटत नाही आणि कॉफीत फाटतं, असं पावसाळ्यात वीज गेली की हमखास होतं. डिकॉक्शनही दोन दिवसांचं होतं का?

म्हापशेकरीण (गुरुवार, ११:४०)
तीन. फ्रिजमध्ये होतं पण.

जुनं_टंबलर (गुरुवार, ११:५२)
तीन दिवस! बाय, फ्रिजमध्ये झाकून एक दिवस. दुसऱ्या दिवशी चालतं, पण वास गेलेला असतो.

माडाखालची (शनिवार, सकाळी ८:०५)
आज ४० मिली डिकॉक्शन, १०० मिली फुल क्रीम, पेले गरम पाण्याने विसळून. डिकॉक्शन बरोबर दोघांना पुरलं. सासऱ्यांनी पेला रिकामा केला, दवऱ्यात सांडलेलं पण पेल्यात ओतून प्यायले आणि म्हणाले, "शिमोग्याला ७०:३० प्यायचो, ही जरा उघडी वाटते. पण चालेल." म्हणजे आता चिकोरी वाढवायची का? मला तर ही आवडली.

जुनं_टंबलर (शनिवार, ८:४०)
वाढवा की. चिकोरी वाईट नाहीच. दुधात कॉफीला जो अंगचा दाटपणा लागतो तो तिचाच, नुसत्या कॉफीची दूध घातलेली कापी मलाही पोकळ लागते. फक्त चिकोरी वाढवली की पुडीचं वजनही वाढवायचं. ७०:३० ला २३ ग्रॅम घ्या, म्हणजे कॉफी तेवढीच १६ ग्रॅम राहील. पाणी थोडं वाढवा, हात हलका करा, आणि वेळ तिशीकडे जाईल ती जाऊ द्या. पावसात चिकोरी वेगळ्या छोट्या बरणीत ठेवून रोज मिसळलीत तर कॉफीची पूड तरी कोरडी राहील.

केपेंकार (शनिवार, ९:१०)
मी आज चोथा कापून बघितला. आत कोरडी ढेकळं होती. काही बोलत नाही. चकती कुठे मिळेल सुटी?

आजीचा_नातू (शनिवार, ९:२५)
मला कल्हईवाला, यांना चकती. मडगावच्या बाजारात भांड्यांच्या गल्लीत बघा, पण फिल्टर सोबत घेऊन जा, माप चुकतं.

म्हापशेकरीण (शनिवार, १०:००)
टंबलर काका, साखरेचं काय झालं? चकतीच्या खाली घातली का?

जुनं_टंबलर (शनिवार, १०:२०)
घातली. २६ मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशी बिनसाखरेची २७. यावर मामीला विचारायला हवं.